अटकेच्या आधीचा जामीन

दहा-अकरा वर्षांपूर्वी आमच्या खालांच्या गावात बांधावरून भांडण झालं. मराठवाड्यात बांधाचं भांडण ही बातमी होत नाही, पण या वेळी शेजाऱ्याच्या हाताचं हाड मोडलं. फिर्यादीत खालांच्या दोन्ही मुलांची नावं आली. मोठ्याने कुऱ्हाड मारली, धाकट्याने धरून ठेवलं, असा आरोप होता. मोठ्याला पोलिसांनी त्याच रात्री घरातून उचललं. धाकटा तालुक्याच्या गावी एका दुकानात कामाला होता. तो तिथेच राहिला आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेला.

पुढच्या महिन्याभरात जिल्ह्याच्या दैनिकात दोन बातम्या छापून आल्या. पहिली होती मोठ्याला जामीन मंजूर झाल्याची. दुसरी होती धाकट्याचा अटकपूर्व जामीन फेटाळल्याची. घरात पहिल्या बातमीवर पेढे वाटले गेले. दुसऱ्या बातमीनंतर चार दिवसांत धाकट्याची ठरलेली सोयरीक मोडली. मुलीकडच्या बुजुर्गांनी निरोप धाडला, "कोर्टानेच गुन्हेगार म्हटलंय, आता आम्ही काय करणार?"

मी शिक्षक. घरात काही छापून आलं की अर्थ विचारायला माझ्याकडेच येतात. खालूंनी ते कात्रण माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "बेटा, एकाला जामीन मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. म्हणजे कसूर धाकट्याचाच का?" मी तेव्हा काहीतरी गोलमोल बोललो, कारण मलाही फरक माहीत नव्हता. त्या गोलमोल उत्तराची लाज वाटली म्हणून पुढे वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका जुन्या कज्जापर्यंत पोहोचलो. तो कज्जा मूळ एका शब्दाचा आहे.

शब्दाची गोष्ट

'जामीन' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला. उर्दूत 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस आणि 'ज़मानत' म्हणजे ती हमी. मराठीने दोन्हींचं काम एकाच शब्दाकडे दिलं. 'मी त्याला जामीन राहिलो' म्हणताना जामीन हा माणूस असतो. 'त्याला जामीन मिळाला' म्हणताना ती सुटका असते. कोर्टाच्या मराठीत गोंधळ नको म्हणून हमी घेणाऱ्याला 'जामीनदार' म्हणतात, आणि आरोपीने स्वतः लिहून द्यायच्या बंधपत्राला 'जातमुचलका'.

या शब्दाच्या पोटात एक चित्र आहे. कोणीतरी सरकारच्या ताब्यात आहे. दुसरा कोणी येऊन म्हणतो, याला माझ्या हवाली करा, बोलवाल तेव्हा हजर करतो. म्हणजे माणूस एका ताब्यातून दुसऱ्याच्या हमीवर जातो. नेहमीच्या जामिनाची कल्पना एवढीच आहे. आधी अटक, मग कोठडी, मग सुटका.

मग ज्याला अजून धरलेलंच नाही, त्याची सुटका कशी करायची? पिंजऱ्यात नसलेला पक्षी सोडायचा कसा? हा प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण याच प्रश्नावर आपल्या उपखंडातल्या न्यायालयांनी खरोखर वाद घातला.

लाहोर आणि सिमला

इंग्रजांनी १८९८ साली केलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अटकपूर्व जामिनाचं कलम नव्हतं. होतं ते कलम ४९८. त्यानुसार उच्च न्यायालय किंवा सत्र न्यायालय कोणत्याही व्यक्तीला जामिनावर सोडण्याचा आदेश देऊ शकत होतं. 'कोणत्याही व्यक्तीला' या शब्दांत अटक न झालेला माणूस बसतो का, यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांची मतं वेगळी होती.

फाळणी झाली आणि पंजाबचं उच्च न्यायालयही दुभंगलं. लाहोरचं न्यायालय पाकिस्तानात राहिलं. भारताच्या वाट्याच्या पूर्व पंजाबचं उच्च न्यायालय सिमल्याला बसू लागलं. संहिता दोन्हीकडे तीच, कलमही तेच. लाहोरच्या न्यायालयाने हिदायतुल्ला खान यांच्या प्रकरणात ठरवलं की अटकेआधीही जामीन देता येतो. मात्र अटक वाईट हेतूने, माणसाची बेअब्रू करण्यासाठी होत असल्याचं दिसलं पाहिजे. हा निकाल १९४९ च्या पाकिस्तानी निवाडा-संग्रहात छापला आहे. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, पूर्व पंजाब उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने अमीर चंद यांच्या प्रकरणात उलटं सांगितलं. जामीन म्हणजे ताब्यातून सुटका. जो ताब्यातच नाही त्याला जामीन कसला? अटक होऊ द्या, मग या.

म्हणजे पिंजरा आणि पक्ष्याचाच प्रश्न. एकाच कलमातून लाहोरने संरक्षण वाचलं, सिमल्याने वाचलं नाही. पाकिस्तानात आजही याला 'ज़मानत क़ब्ल अज़ गिरफ़्तारी' म्हणतात, आणि वाईट हेतू दाखवण्याची अट तिथे अजून जिवंत आहे. आपल्याकडची उर्दू वर्तमानपत्रं 'पेशगी ज़मानत' लिहितात. मराठीने 'अटकपूर्व जामीन' असा शब्द घडवला, आणि तो मला तिन्हींत सोपा वाटतो.

भारतात हा वाद वीस वर्षं तसाच राहिला. विधी आयोगाने १९६९ च्या आपल्या एकेचाळिसाव्या अहवालात त्याला हात घातला. आयोगाने कारण साधं दिलं. वजनदार माणसं आपल्या विरोधकाला खोट्या प्रकरणात गुंतवतात आणि काही दिवस तुरुंगात बसवून त्याची नाचक्की करतात. राजकीय चढाओढ वाढते तसा हा प्रकारही वाढतो आहे. शिवाय जो पळून जाणार नाही, जामिनाचा गैरवापर करणार नाही, असं दिसतं, त्याला आधी तुरुंगात जायला लावायचं आणि मग जामीन मागायला लावायचा, यात काही अर्थ नाही. म्हणून आयोगाने स्पष्ट कलम घालण्याची शिफारस केली.

नव्या संहितेत, म्हणजे १९७३ च्या कायद्यात, ते कलम ४३८ म्हणून आलं आणि १ एप्रिल १९७४ पासून लागू झालं. या कलमाच्या शीर्षकात 'अटकपूर्व जामीन' हे शब्द नव्हते. अटकेची भीती असलेल्या व्यक्तीस जामीन देण्याबाबत 'निर्देश', असं ते शीर्षक होतं. सिमल्याच्या आक्षेपाला उत्तर या 'निर्देश' शब्दात आहे. न्यायालय आज कोणाला सोडत नाही. ते पोलिसांना सांगून ठेवतं की उद्या याला अटक केलीत, तर त्याच क्षणी जामिनावर सोडा. पक्षी पिंजऱ्यात गेला तर दार लगेच उघडायचं, एवढाच तो हुकूम असतो.

एका माजी मंत्र्याचा अर्ज

कलम आलं, पण ते किती मोठं हा प्रश्न उरला. त्याचं उत्तरही पंजाबातूनच आलं. गुरबक्षसिंग सिबिया हे पंजाबच्या काँग्रेस मंत्रिमंडळात पाटबंधारे आणि वीज खात्याचे मंत्री होते. १९७७ साली सत्ता बदलली. सिबिया आणि इतरांवर भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप झाले. त्यांनी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात कलम ४३८ खाली अर्ज केले. विधी आयोगाने वर्णन केलेला प्रसंग जणू समोर उभा राहिला होता. आरोप खरे असतील, किंवा सत्ता गेलेल्याला घेरलं जात असेल. न्यायालयापुढे दोन्ही शक्यता होत्या.

उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १३ सप्टेंबर १९७७ रोजी अर्ज फेटाळले आणि कलमाभोवती कुंपणं घातली. हा अधिकार केवळ अपवाद म्हणून वापरायचा. अर्जदाराने आपलं प्रकरण खास असल्याचं दाखवायचं. पोलिसांना कोठडीत चौकशीची वाजवी गरज असेल तर नकार द्यायचा. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोप सकृद्दर्शनी खोटा दिसल्याखेरीज द्यायचाच नाही. अशी आठ सूत्रं होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, मूळचे पुण्याचे. ९ एप्रिल १९८० च्या त्यांच्या निकालात नेहमीचा जामीन आणि अटकपूर्व जामीन यांतला फरक इतका स्वच्छ मांडला आहे की आजही सगळी न्यायालयं तिथूनच सुरुवात करतात. नेहमीचा जामीन अटकेनंतर मिळतो, म्हणून तो पोलिसांच्या ताब्यातून सुटका करतो. अटकपूर्व जामीन अटकेच्या अपेक्षेने दिलेला असतो, म्हणून तो अटकेच्या क्षणी लागू होतो. निकालात विम्याची उपमा आहे. विमा संकट टाळत नाही, संकट आलं तर त्याच्या परिणामापासून वाचवतो. तसं हे अटकेपाठोपाठ येणाऱ्या कोठडीपासूनचं संरक्षण आहे.

उच्च न्यायालयाची बहुतेक कुंपणं या निकालाने काढून टाकली. कायदेमंडळाने ज्या अटी लिहिल्या नाहीत, त्या न्यायालयाने कलमात घुसवू नयेत, असं घटनापीठ म्हणालं. कुऱ्हाड किंवा चोरीचा माल काढून देण्यासाठी आरोपी ताब्यात असावाच लागतो, हा पोलिसांचा नेहमीचा युक्तिवाद. त्यावरही उत्तर आहे. आरोपी स्वतः पोलिसांपुढे येऊन वस्तू दाखवायला तयार झाला, तर कायद्याच्या दृष्टीने तो त्या वेळेपुरता ताब्यात असल्याचं धरता येतं.

पण घटनापीठाने मोकळं रानही सोडलं नाही. नुसती धास्ती पुरत नाही. आपल्याला अटक होईल असं मानायला वाजवी कारण हवं, आणि ते न्यायालयाला तपासता आलं पाहिजे. गुन्हा नोंदला गेलाच पाहिजे असं नाही, पण कोणता आरोप अंगावर येणार हे सांगता आलं पाहिजे. 'कोणत्याही गुन्ह्यात, कधीही अटक केली तरी सोडा' असा सरसकट आदेश देता येत नाही. आणि एकदा अटक झाली की हे दार बंद. त्यानंतर नेहमीचाच जामीन मागायचा.

दोन भाऊ, दोन रस्ते

आता खालांच्या घरी परत येऊ. एकच फिर्याद, एकच कलम, पण दोन भाऊ दोन रस्त्यांनी गेले.

आधी कलमाची गोष्ट. काठीने हाड मोडलं तर भारतीय दंड संहितेचं कलम ३२५ लागत असे, आणि तो गुन्हा जामीनपात्र होता. जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्कच. तो पोलीस ठाण्यातही मिळतो, न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. तेच हाड कुऱ्हाडीसारख्या घातक हत्याराने मोडलं तर कलम ३२६, आणि ते अजामीनपात्र. मग जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. अटकपूर्व जामिनाचा प्रश्न फक्त अजामीनपात्र गुन्ह्यातच उद्भवतो. म्हणजे फिर्यादीतल्या 'कुऱ्हाड' या एका शब्दाने दोन्ही भावांचं पुढचं सगळं ठरवलं. (२०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण काठी आणि कुऱ्हाडीतला हा फरक तसाच आहे.)

मोठ्याला रात्री धरलं. चोवीस तासांच्या आत त्याला तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं. पोलिसांनी कुऱ्हाड जप्त करायची आहे असं सांगून तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळवली. आमच्याकडे तिला सर्रास 'पीसीआर' म्हणतात. ती संपल्यावर न्यायालयीन कोठडी, म्हणजे जिल्हा कारागृह. न्यायदंडाधिकाऱ्याने जामीन नाकारला, मग वकिलाने सत्र न्यायालयात अर्ज केला. एकोणिसाव्या दिवशी त्याची सुटका झाली. तोवर पोलिसांची चौकशी आटोपली होती, साक्षीदारांचे जबाब झाले होते. त्याला आत ठेवून तपासाला आणखी काही मिळणार नव्हतं. न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटलं नव्हतं. पेढे वाटण्यासारखं त्यात एवढंच होतं की पोरगा घरी आला.

धाकट्याचा रस्ता वेगळा. न्यायदंडाधिकाऱ्याला अटकपूर्व जामिनाचा अधिकारच नसतो. तो फक्त सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला, म्हणून त्याचा वकील थेट जिल्ह्याला गेला. सत्र न्यायालयाने पहिल्या दिवशी अंतरिम संरक्षण दिलं. अंतिम निर्णय होईपर्यंत अटक झाल्यास जातमुचलका आणि एक जामीनदार घेऊन सोडावं, बोलावल्यावर ठाण्यात हजर राहावं, साक्षीदारांना धमकावू नये, असे ते निर्देश. पोलिसांना त्यांचं म्हणणं मांडायला सांगितलं. दोन आठवड्यांनी पोलिसांनी म्हणणं मांडलं. कुऱ्हाड अजून सापडली नाही आणि ती धाकट्यानेच लपवली असावी, म्हणून त्याची कोठडीत चौकशी हवी. न्यायालयाला ते पटलं आणि अर्ज फेटाळला गेला.

इथे खालूंच्या प्रश्नाचं उत्तर आहे, जे मला तेव्हा देता आलं नाही. मोठ्याचा अर्ज ऐकला गेला तेव्हा चौकशी झाली होती. धाकट्याचा ऐकला गेला तेव्हा ती व्हायची होती. दोन्ही अर्जांत न्यायालयापुढचा प्रश्नच वेगळा होता. मोठ्याच्या बाबतीत प्रश्न असा, की याला आणखी आत ठेवायची गरज आहे का? धाकट्याच्या बाबतीत असा, की याला एकदाही आत न घेता तपास पुरा होईल का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर आलं म्हणजे माणूस दोषी ठरत नाही. तपास अर्ध्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ. अटकपूर्व जामीन मिळणं अनेकदा अवघड जातं ते यामुळे. न्यायाधीशापुढे तेव्हा कागद सगळ्यात कमी असतात आणि पोलिसांची गरज सगळ्यात ताजी असते.

फेटाळल्याच्या दिवशी वकिलाने आणखी एक गोष्ट मागितली, जी बातमीत आली नाही. वरच्या न्यायालयात जायचं आहे, तोवर अंतरिम संरक्षण आठ दिवस चालू ठेवा. न्यायालयाने ते मान्य केलं. हे मिळालं नाही तर कोर्टाच्या आवारातच अटक होऊ शकते, आणि अटक झाली की सिबिया निकालाप्रमाणे हे दार बंद. धाकटा औरंगाबाद खंडपीठात गेला. तिथे त्याला अटकपूर्व जामीन मिळाला. दर रविवारी सकाळी दहा ते बारा ठाण्यात हजेरी, ही अट होती. त्याने ती एकदाही चुकवली नाही. उच्च न्यायालयाच्या त्या आदेशाची बातमी कुठेच छापून आली नाही. जिल्ह्याच्या वार्ताहराला जिल्हा न्यायालयातलं कळलं होतं; खंडपीठातल्या शेकडो आदेशांत हा एक कोण शोधणार?

वर्तमानपत्राने त्या दोन आठवड्यांत त्याला एकदा 'फरार'ही लिहिलं होतं. न्यायालयात अर्ज केलेला, वकिलामार्फत हजर असलेला, ठाण्यात जाणारा माणूस फरार कसा? कायद्यात कोणाला फरार घोषित करायचं तर न्यायालयाला वॉरंट आणि जाहीरनामा काढावा लागतो, आणि तसा घोषित झालेल्याला अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. वार्ताहराने तो शब्द 'घरी सापडला नाही' एवढ्याच अर्थाने वापरला होता. वाचणाऱ्याने मात्र तो पूर्ण अर्थाने घेतला.

महाराष्ट्रातून गेलेला एक पेच

हा जामीन किती दिवस टिकतो, हाही प्रश्न उठला आणि त्यातली दोन महत्त्वाची प्रकरणं महाराष्ट्रातली आहेत. सलाउद्दीन अब्दुलसमद शेख विरुद्ध महाराष्ट्र शासन या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अटकपूर्व जामीन ठरावीक मुदतीपुरताच द्यावा. मुदत संपली की माणसाने नेहमीच्या न्यायालयात जाऊन नेहमीचा जामीन मागावा. त्यामुळे कित्येकांना काही आठवड्यांनी पुन्हा शरण जावं लागे आणि संरक्षण अर्धवट राही. २०१० मध्ये सिद्धाराम म्हेत्रे विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने सांगितलं की ही मुदतीची कल्पना सिबिया निकालाशी विसंगत आहे. आता कोणाचं मानायचं? शेवटी सुशीला अगरवाल प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ जानेवारी २०२० रोजी तो पेच सोडवला. साधारणपणे अटकपूर्व जामिनाला मुदत नसावी, आणि तो खटला संपेपर्यंत टिकू शकतो. खास कारण असेल तर न्यायालय मुदत घालू शकतं, आणि अटी मोडल्या तर तो रद्दही होऊ शकतो.

एक मोठं राज्य मात्र या सगळ्या चर्चेच्या बाहेर होतं. आणीबाणीत, १९७६ साली, उत्तर प्रदेशने कलम ४३८ आपल्या हद्दीतून काढूनच टाकलं. आणीबाणी उठली, सरकारं आली-गेली, कलम काही परत आलं नाही. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्तारसिंग प्रकरणात हे वगळणं घटनेविरुद्ध नाही असं ठरवलं. तिथल्या लोकांना अटकेची भीती वाटली की अलाहाबाद उच्च न्यायालयात रिट अर्ज करून अटकेला स्थगिती मागावी लागे. ज्याच्याकडे अलाहाबादला जाण्याइतके पैसे, त्यालाच ते शक्य. २०१९ मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी, ते कलम तिथे परत आलं. आज नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४८२ म्हणून साऱ्या देशाला लागू आहे.

काही ठिकाणी हे दार कायद्यानेच बंद ठेवलं आहे, आणि त्यालाही कारण आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १८ अटकपूर्व जामीन नाकारतं. गावात वजनदार आरोपी बाहेर राहिला तर पीडित कुटुंबाला दहशतीत जगावं लागतं, हे त्यामागचं कारण. विधी आयोगाला १९६९ मध्ये वजनदार माणूस खोटी तक्रार करणारा म्हणून दिसला होता. इथे तो अत्याचार करणारा म्हणून दिसतो. त्यातही न्यायालयांनी एक फट ठेवली आहे. तक्रार जशीच्या तशी खरी मानली तरी त्या कायद्याखालचा गुन्हा बनतच नसेल, तर ही बंदी लागत नाही.

कात्रण

खटल्याचा निकाल सहा वर्षांनी लागला. कुऱ्हाड कधी सापडलीच नाही. कुऱ्हाड वापरल्याचं सिद्ध झालं नाही; मोठ्याने काठीने मारल्याचं सिद्ध झालं आणि तो कलम ३२५ खाली दोषी ठरला. म्हणजे शेवटी गुन्हा जामीनपात्र निघाला. त्याचे ते एकोणीस दिवस कोणी परत देणार नव्हतं. धाकटा तिथे हजर असल्याचंच सिद्ध झालं नाही, तो निर्दोष सुटला. ज्याच्या जामिनाचे पेढे वाटले, तो दोषी. ज्याचा अर्ज फेटाळल्याची बातमी वाचून सोयरीक मोडली, तो निर्दोष.

यावरून जामीन फेटाळलेला प्रत्येक जण निर्दोष असतो असं कोणी समजू नये. उलट प्रकरणंही भरपूर आहेत. मला इतकंच कळलं की त्या दोन बातम्यांतून दोष-निर्दोष कळायला मार्गच नव्हता. आता बातमी वाचताना मी पाहतो की माणसाला अटक झाली होती का, आदेश कोणत्या न्यायालयाचा आहे, तो अंतरिम आहे की अंतिम, आणि नकाराचं कारण पुरावा आहे की नुसती चौकशीची गरज. चार ओळींच्या बातमीत यातलं निम्मंही नसतं. ते नसेल तर निष्कर्ष काढायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

दहावीच्या वर्गात मी दरवर्षी वर्तमानपत्रातल्या भाषेचा एक तास घेतो. त्यात फळ्यावर दोन शब्द लिहितो, 'जामीन' आणि 'अटकपूर्व जामीन', आणि मुलांना विचारतो, दुसऱ्यात माणूस कुठे आहे? पहिल्या झटक्यात बहुतेक मुलं म्हणतात, तुरुंगात. मग 'पूर्व' या शब्दाखाली रेघ मारतो.

खालूंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी निकालपत्राची प्रत आणली, त्याच पाकिटात ठेवली, आणि पाकीट मला दिलं. म्हणाले, "हे तुझ्याकडे असू दे. तू समजावून सांगशील." धाकट्याचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी. त्या घरच्या बुजुर्गांना ते पाकीट दाखवायला मीच गेलो होतो.